क्रीडा मंडळाच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त कसे लिहावे?



गावातल्या कबड्डी, खो-खो मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा असली की "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा" म्हणून वही आपल्याच हातात येते. मीही आमच्या कबड्डी मंडळाची वही लिहितो. माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो.

एका वर्षी मी लिहिलं होतं, "मुलींच्या सरावासाठी मॅट घेण्याबाबत सविस्तर चर्चा झाली व मॅट घेण्याचे ठरले." वाक्य छान होतं, पण पुढच्या सभेपर्यंत मॅट काही आली नाही. खजिनदार म्हणाले, "दरपत्रके कुणी आणायची ते ठरलंच नव्हतं." एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मी तर विरोध केला होता." वही उघडली, तर दोघांनाही उत्तर देता येईना. मुली वर्षभर मातीवरच खेळल्या आणि जिल्ह्याला थेट मॅटवर उतरल्या.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की केली. कोण काय बोललं याची गोष्ट इतिवृत्तात लिहायची नाही. काय ठरलं, किती मतांनी ठरलं आणि ते कोण, कधीपर्यंत करणार, एवढं सभेला न आलेल्या माणसालाही कळलं पाहिजे.

सुरुवात हजेरीपासून

मंडळाचे नाव, तारीख, वार, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण हे आधी लिहा. मग गणपूर्ती. समजा, एकूण सभासद ११२ आहेत आणि मंडळाच्या नियमावलीत एक तृतीयांश गणपूर्ती सांगितली आहे. म्हणजे किमान ३८ जण हवेत. "उपस्थित ४६, गणपूर्ती झाली" असा आकडा लिहा, सह्यांचे पान जोडा. "बहुसंख्य सभासद हजर होते" हे वाक्य उपयोगाचं नाही.

ठराव असा लिहा

तोच मॅटचा विषय आता असा लिहिता येईल :

> ठराव क्र. ४ : मुलींच्या सरावासाठी कबड्डी मॅट खरेदी करण्यास व त्यासाठी जास्तीत जास्त २,५०,००० रुपये खर्च करण्यास ही सभा मंजुरी देत आहे.
> सूचक : (पूर्ण नाव) अनुमोदक : (पूर्ण नाव)
> मतदान हात वर करून. उपस्थित ४४. बाजूने २९, विरोधात ११, तटस्थ ४.
> ठराव बहुमताने मंजूर.

इथे उपस्थित ४४ कसे? कारण मतदानाआधी दोघे उठून गेले. ही नोंद वेळेसह तिथेच करायची. २९, ११ आणि ४ यांची बेरीज ४४ आली पाहिजे. येत नसेल, तर मोजणीत चूक आहे, सभा संपण्याआधीच पुन्हा हात मोजा. घरी जाऊन आकडा जुळवू नका.

एकानेही विरोध केला असेल, तर "सर्वानुमते" लिहू नका. विरोध करणाऱ्याने नाव नोंदवायला सांगितलं, तर ते लिहा. पण "तावातावाने बोलले" असली विशेषणं नकोत.

कामांचा तक्ता

शेवटी ठरावांतून निघालेली कामं वेगळी मांडा :

| ठराव | काम | जबाबदारी | मुदत |
|---|---|---|---|
| ४ | तीन दरपत्रके आणणे | सचिव | १५ जून |
| ४ | दरपत्रक निवडणे | कार्यकारिणी | ३० जून |
| ४ | खरेदी करून धनादेशाने रक्कम देणे | खजिनदार | ३१ जुलै |

प्रत्यक्ष वहीत पदासोबत पूर्ण नावही लिहा. "सर्वांनी प्रयत्न करावेत" असं लिहिलं, की ते काम कुणाचंच राहत नाही. पुढच्या सभेत हाच तक्ता आधी वाचा.

खाडाखोड आणि कायम करणे

इतिवृत्त दोन-तीन दिवसांत पक्कं लिहून काढा, आठवण ताजी असते. पानांना क्रमांक द्या, मध्ये कोरी जागा सोडू नका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा, पांढरी शाई लावू नका.

पुढच्या सभेत पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा असतो. तिथे नोंद बरोबर आहे का, एवढंच पाहायचं. "मला तो निर्णयच मान्य नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यासाठी नवा ठराव हवा, जुनी नोंद बदलायची नाही.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल आणि सभेत विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली असेल, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्याच्यासोबत हेच इतिवृत्त जोडतात. म्हणून निवडून आलेल्यांची पूर्ण नावे आणि पदे लिहा. "जुनीच कार्यकारिणी कायम, दोन बदल" एवढ्यावर तिथे भागत नाही.

वही बंद करण्याआधी सभेला न आलेल्या एका सभासदाला ठराव वाचायला द्या. त्याने "मॅट कोण आणणार?" असं विचारलं, तर समजा अजून एक ओळ लिहायची राहिली आहे.