कोठीत उरलेलं मोजल्याशिवाय

पुण्यात चाळीस खुर्च्यांचं शाकाहारी हॉटेल आहे असं समजू. मालकाचा हा पहिलाच धंदा. अकाउंटंटने महिन्याचं नफा-तोटा पत्रक पाठवलं, की त्याची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते: नफा ३२ हजार. माझा आग्रह असतो की वाचायला वरूनच सुरुवात करावी.

पहिली ओळ विक्रीची. गल्ल्यात ४ लाख २० हजार आले, पण त्यातला ५ टक्के जीएसटी सरकारचा, म्हणून विक्री ४ लाखच धरायची. ॲपवरून मेन्यूच्या दराने १ लाखाची विक्री झाली आणि बँकेत आले ७४ हजार. इथे विक्री १ लाखच लिहावी आणि कमिशन व त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे मिळून २६ हजार खर्चात दाखवावेत. नुसते ७४ हजार लिहिले तर ॲप किती महाग पडतं ते कधीच दिसत नाही. एकूण विक्री ५ लाख.

खरी मेख पुढच्या ओळीत आहे: कच्चा माल. महिन्याची खरेदी १ लाख ६५ हजार, म्हणजे विक्रीच्या ३३ टक्के. मालक खूश. पण १ तारखेला कोठीत ६० हजारांचा माल होता आणि अखेरीस ३५ हजारांचाच उरला. म्हणजे आधीचा २५ हजारांचा मालही या महिन्यातच शिजला. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक: खरा वापर १ लाख ९० हजार, ३८ टक्के.

म्हणूनच महिन्याच्या शेवटच्या रात्री, हॉटेल बंद झाल्यावर, फोडलेला तेलाचा डबा आणि फ्रिजमधलं पनीरसुद्धा वजन करून लिहावं लागतं. अंदाजाने लिहिलेली शिल्लक नफाही अंदाजाचाच दाखवते. माल आला आणि बिल राहून गेलं, तरी तेच होतं.

आता प्रत्येक पदार्थाच्या मापावरून हिशेब केला आणि खर्च ३२ टक्केच यायला हवा होता असं निघालं, तर ६ टक्क्यांचा फरक म्हणजे ३० हजार रुपये. जवळजवळ अख्ख्या नफ्याएवढे! ते वाढप्याच्या सैल हातात गेले, नासलेल्या भाजीत गेले, की मागच्या दाराने गेले, हे पत्रक सांगत नाही. त्यासाठी पनीर आणि तेलासारखे चार-पाच महागडे जिन्नस आठवडाभर रोज मोजावेत. कामगारांचं जेवण मात्र यातून काढून पगाराच्या ओळीत टाकावं, नाहीतर स्वयंपाकघरावर उगाच आळ येतो.

पगार १ लाख १० हजार, भाडं ६० हजार, गॅस-वीज ४० हजार, पॅकिंग आणि किरकोळ १५ हजार, घसारा १५ हजार. या ओळी सरळ आहेत. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त १२ हजार व्याज इथे येतं. मुद्दलाचे २० हजार बँकेतून जातात, पण पत्रकात दिसत नाहीत.

उरले ३२ हजार. पण मालक रोज बारा तास गल्ल्यावर उभा असतो आणि पगाराच्या ओळीत त्याचं नाव नाही. त्याच्या जागी २५ हजारांचा मॅनेजर ठेवला असता, तर उरले असते ७ हजार.