विलंब नको, तारीख सांगा

एप्रिलमध्ये एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला मेल पाठवला की क्षणात उत्तर येतं : ‘वार्षिक लेखापरीक्षण सुरू असल्याने आपल्या शंकेस उत्तर देण्यास विलंब होऊ शकतो. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ भाषा सभ्य आहे, व्याकरणातही खोट नाही. पण भोसरीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या पुरवठादाराला त्यातून काय कळणार? त्याचा माल कंपनीने ५ मार्चला स्वीकारला आहे आणि पैसे कधी येणार एवढंच त्याला विचारायचं आहे. ‘विलंब’ वाचून तो पैसेच अडकले असं धरून चालतो. मग खरेदी विभागाला फोन जातो, साहेबांना मेल जातो, आणि ऑडिटरसमोर व्हाउचर घेऊन बसलेल्या माणसाला शेवटी उठावंच लागतं.

घोळ असा, की या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. उशीर होणार आहे तो प्रश्नांच्या उत्तराला. पेमेंट थांबलेलं नसतं, आणि थांबवून चालतही नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. माल स्वीकारल्यापासून ही मुदत मोजतात आणि ऑडिट चालू आहे म्हणून ती थांबत नाही. खोकेवाल्याशी ४५ दिवसांचा करार असेल तर त्याची मुदत १९ एप्रिलला भरते. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. थोडक्यात, ‘आम्ही ऑडिटमध्ये आहोत’ ही सबब इथे चालत नाही.

तेव्हा मजकुराची डागडुजी करताना पहिली तारीख ठरवायची ती उत्तराची. ऑडिटर १७ एप्रिलला जाणार म्हणून १८ तारीख लिहिणं हा भाबडेपणा झाला. तोवर मेलचा ढीग साचलेला असतो आणि ऑडिटरच्या उरलेल्या शंका त्यांच्यामागून येतच असतात. एक आठवडा पुढची तारीख द्यावी आणि ती पाळावी. मग मजकूर साधारण असा होतो :

‘हे उत्तर आपोआप पाठवले आहे. वार्षिक ऑडिटमुळे ६ ते १७ एप्रिल या काळात आलेल्या मेलना २४ एप्रिलपर्यंत उत्तर मिळेल. पास झालेल्या बिलांची पेमेंट ठरलेल्या तारखांना होत राहतील. आपल्या बिलाची मुदत २४ एप्रिलपूर्वी संपत असेल, तर विषयात “मुदत” असे लिहून बिल क्रमांक आणि पीओ क्रमांकासह पुन्हा मेल करावा; असे मेल रोज पाहिले जातात. जानेवारी ते मार्चचे टीडीएस प्रमाणपत्र १५ जूनपर्यंत मिळेल. शिल्लक-पुष्टीच्या पत्राचे उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवावे.’

‘मुदत’ हा एक शब्द खोकेवाल्याला वाट करून देतो. मात्र तो लिहिण्याआधी खात्यातला कोणीतरी ते मेल रोज पाहायला नेमलेला हवा. माणूस नसेल तर ते वाक्यच काढून टाकावं. टीडीएसच्या ओळीने निष्कारण येणारे बरेच मेल थांबतात, कारण शेवटच्या तिमाहीचं विवरणपत्र भरायची मुदतच ३१ मे असते आणि प्रमाणपत्र त्यानंतर निघतं. शेवटची ओळ ऑडिटरसाठी. ३१ मार्चला आमच्या वहीत तुमची बाकी इतकी दिसते, बरोबर आहे का, असं पत्र पुरवठादारांना जातं. त्याचं उत्तर कंपनीच्या हातून न जाता थेट ऑडिटरकडे पोहोचलं तरच पुरावा म्हणून त्याला वजन राहतं.

काय लिहायचं नाही, तेही पाहायला हवं. कोण रजेवर आहे, पेमेंटला मंजुरी कोण देतं, कोणाचा मोबाइल नंबर काय, हे त्यात नको. हा मजकूर पत्ता माहीत असलेल्या कोणालाही जातो. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा खोटा मेल पाठवणाऱ्यालाही खातं कामात गुंतलं आहे हे आयतंच कळतं. म्हणून बँक खात्यातला बदल मेलवर स्वीकारला जात नाही, ही ओळ जोडलेली बरी.

आउटलुकमध्ये कंपनीतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी मजकुराची रकाने वेगळी असतात. `Outside My Organization` मध्ये मजकूर भरला नाही, तर पुरवठादाराला काहीच जात नाही आणि आत सगळ्यांना वाटतं की गेलं. आपल्या खासगी पत्त्यावरून एक मेल टाकला की हे कळतं. शिवाय एका पत्त्याला हे उत्तर एकदाच जातं. ऑडिट लांबलं आणि तारीख २४ वरून ३० एप्रिल करावी लागली, तर सुविधा बंद करून पुन्हा चालू करावी. म्हणजे आधी २४ वाचलेल्यांनी पुन्हा मेल केला की त्यांना नवी तारीख जाते.