डिव्हिडंड जाहीर झाला, टीडीएस कापला: वहीत नोंद कशी करायची?

आपल्याकडे अनेक घरांचा धंदा आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत आलाय. शेअरहोल्डर घरचेच असतात, त्यामुळे नफा वाटताना 'घरचाच पैसा आहे' म्हणून हिशोब ढिला राहतो. म्हणून आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊन सगळ्या नोंदी पाहू.

कंपनीचे 10,000 शेअर आहेत. भाईजानकडे 6,000, अम्मीकडे 3,600 आणि आपांकडे 400. सगळे भारतातले रहिवासी आहेत आणि सगळ्यांचे पॅन कंपनीकडे आहेत. 2024-25 च्या नफ्यातून 22 सप्टेंबर 2025 च्या वार्षिक सभेत शेअरमागे 20 रुपये डिव्हिडंड जाहीर झाला, म्हणजे एकूण 2,00,000 रुपये.

नफा मागच्या वर्षाचा असला तरी नोंद 31 मार्चची होत नाही. संचालकांनी शिफारस केली एवढ्याने देणं तयार होत नाही. सभेने मंजुरी दिली की होतं. म्हणून पहिली नोंद 22 सप्टेंबरची:

राखीव नफा खाते, नावे: 2,00,000
देय डिव्हिडंड खाते, जमा: 2,00,000

इथे पूर्ण रक्कम लिहायची, कर वजा करून नाही. आणि ही रक्कम खर्चात टाकायची नाही. डिव्हिडंड म्हणजे खर्च नव्हे, झालेल्या नफ्याची वाटणी आहे.

कंपनी कायद्याच्या कलम 123 प्रमाणे जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत ही रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. त्या दिवशी डिव्हिडंड बँक खाते नावे आणि चालू बँक खाते जमा, इतकीच नोंद. देणं अजून तसंच उभं असतं.

आता टीडीएस. आयकर कायदा 1961 चं कलम 194 सांगतं, रहिवासी शेअरहोल्डरला पैसे देण्याआधी 10 टक्के कापा. म्हणजे कपातीची तारीख ही पैसे देण्याची तारीख असते, सभेची नाही. व्यक्तीला रोखीने न देता वर्षभरात 10,000 रुपयांपर्यंतच डिव्हिडंड दिला तर कपात नाही. ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासूनची, त्याआधी 5,000 होती. कंपनीने 10 ऑक्टोबरला बँकेतून पैसे पाठवले:

भाईजान: 1,20,000, कपात 12,000, हातात 1,08,000
अम्मी: 72,000, कपात 7,200, हातात 64,800
आपा: 8,000, कपात नाही, हातात 8,000

त्या दिवसाची नोंद:

देय डिव्हिडंड खाते, नावे: 2,00,000
देय टीडीएस खाते, जमा: 19,200
डिव्हिडंड बँक खाते, जमा: 1,80,800

कापलेले 19,200 सरकारचे आहेत. ते 7 नोव्हेंबरपर्यंत भरायचे. भरले की देय टीडीएस नावे, बँक जमा. उशीर झाला तर कपातीच्या तारखेपासून दरमहा दीड टक्का व्याज लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीचं 26क्यू विवरण 31 जानेवारीपर्यंत भरायचं, त्यानंतर शेअरहोल्डरला फॉर्म 16ए द्यायचा.

नेहमी होणारी चूक अशी: पैसे देताना फक्त 1,80,800 ची नोंद होते आणि टीडीएसचं चलन भरलं की ते 19,200 'कर खर्च' म्हणून टाकले जातात. ओळखायचं कसं? सगळं भरून झाल्यावर देय डिव्हिडंड आणि देय टीडीएस ही दोन्ही खाती शून्य झाली पाहिजेत. देय डिव्हिडंडमध्ये 19,200 अडकलेले दिसले, तर तितकाच नफा खात्यात कमी दिसत असणार. ती रक्कम खर्चातून काढून देय डिव्हिडंडला नावे टाकली की हिशोब जुळतो.

डिव्हिडंड 30 दिवसांत, म्हणजे इथे 22 ऑक्टोबरपर्यंत, शेअरहोल्डरला पोचवायला हवा. बँक खातं बंद असल्यासारख्या कारणाने कुणाचा पैसा पडून राहिलाच, तर पुढच्या सात दिवसांत तो 'न दिलेला डिव्हिडंड' या वेगळ्या खात्यात टाकावा लागतो. तो परत कंपनीच्या चालू खात्यात ओढून घेता येत नाही.

शेअरहोल्डरच्या बाजूने एवढं लक्षात ठेवा: भाईजानचं उत्पन्न 1,20,000 आहे, 1,08,000 नाही. रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम दाखवून 12,000 चं श्रेय घ्यायचं. अम्मी साठीच्या पुढच्या असतील आणि त्यांना वर्षाचा करच लागत नसेल, तर पैसे मिळण्याआधी कंपनीला फॉर्म 15एच दिला असता तर 7,200 कापलेच गेले नसते. आता ते रिटर्न भरूनच परत मागावे लागतील.

शेअरहोल्डर आखातात राहणारा अनिवासी असेल तर मात्र हा हिशोब चालत नाही. त्याला 10,000 ची सूट नाही, कलमही वेगळं आणि दरही वेगळा. त्याचे पैसे पाठवण्याआधी सीएशी बोलून घ्या. आणि 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने, त्यानंतरच्या डिव्हिडंडसाठी कलम आणि फॉर्मचे नंबर नव्याने तपासा.