फोटोतला पगार: आकडा बरोबर, गोषवारा चूक

गैरसमज: सॅलरी स्लिपच्या फोटोतले आकडे नीट वाचता आले, की गोषवारा तयार.

वस्तुस्थिती: आकडा अचूक वाचूनही तो चुकीच्या रकान्यातून उचलला जाऊ शकतो. अनेक स्लिपांवर बेसिकच्या एकाच ओळीत ठरलेला दर, त्या महिन्यात मिळालेली रक्कम आणि एप्रिलपासूनची बेरीज असे तीन आकडे असतात. गोषवाऱ्यात फक्त मधला हवा. फोटो तिरका आला तर ओळी सरकतात आणि शेजारचा आकडा घेतला जातो.

पुण्यातल्या एका कामगाराची सप्टेंबरची स्लिप धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. दर असा: बेसिक २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, विशेष भत्ता ६,०००, एकूण ३४,०००. पण तीन दिवस बिनपगारी रजा, म्हणून ३० पैकी २७ दिवसांचे मिळाले १८,०००, ७,२०० आणि ५,४००, एकूण ३०,६००. कपात: पीएफ २,१६०, व्यवसाय कर २००, उचलीचा हप्ता १,०००, एकूण ३,३६०. हातात २७,२४०.

आता चुकून दराचा रकाना घेतला, तर हातातला पगार ३०,६४० निघतो. फरक ३,४०० चा, म्हणजे नेमका तीन दिवसांचा पगार. फरक असा दिवसांच्या पटीत आला, की आधी रकाना तपासावा. पुसट १ चा ७ वाचला गेला, तर पीएफ २,७६० होतो आणि कपातीची बेरीज ६०० ने बिघडते. अशा वेळी पीएफ बेसिकच्या १२ टक्के येतो का, ते पाहावं. १८,००० चे १२ टक्के २,१६०च. महागाई भत्ता असेल तर तो बेसिकमध्ये मिळवावा. काही कंपन्या १५,००० वरच पीएफ धरतात, तिथे १,८०० दिसेल आणि तेही नियमात बसतं. बऱ्याच स्लिपांवर निव्वळ रक्कम अक्षरांतही असते. पुसट फोटोत ती ओळ आकड्यांपेक्षा भरवशाची.

मालकाचा पीएफ दिसला की तोही कपातीत धरायचा, हा दुसरा गैरसमज. तो वेगळ्या चौकटीत माहितीसाठी दिला असेल, तर पगारातून वजा करायचा नाही. मात्र काही स्लिपांवर तो मिळकतीत मिळवून पुन्हा कपातीत दाखवलेला असतो. तिथे गोषवाऱ्यात दोन्हीकडून काढावा. हातातला आकडा बदलत नाही.

फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० दिसला, तर ती वाचण्यातली चूक समजून २०० करू नका. महाराष्ट्रात दरमहा २०० भरणाऱ्यांचा कर त्या महिन्यात ३००च असतो.

आणि बेरीज जुळली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. बेरीज फक्त स्लिप नीट वाचली एवढंच सांगते. कापलेला पीएफ खात्यात जमा झाला का, हे स्लिपवरून कळत नाही. त्यासाठी पीएफचं पासबुक उघडून त्या महिन्याची नोंद पाहा.