दोनदा कापलेली फी आणि कंपनीला लिहायचं पत्र

पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासचं उदाहरण घेऊ. ३८६ मुलं आहेत, महिन्याचा हप्ता ३,५४० रुपये, म्हणजे ३,००० फी आणि ५४० जीएसटी. हप्ते ई-नॅचनं जातात. प्रवेश घेताना मुलानं किंवा पालकानं बँकेला एकदाच परवानगी दिलेली असते. तिला मँडेट म्हणतात आणि प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा एक कायमचा क्रमांक मिळतो. पुढे दर महिन्याला क्लासचं फीचं सॉफ्टवेअर ‘या मँडेटवर इतके रुपये घ्या’ अशी सूचना पाठवतं, की पैसे आपोआप वळते होतात. ३ जुलैला सॉफ्टवेअर कंपनीनं नवं अपडेट टाकलं. ४ जुलैला सकाळी सूचना गेल्या. ५ जुलैला दुपारपर्यंत ऑफिसचा फोन थांबेना. काही मुलांच्या खात्यातून हप्ता दोनदा गेला होता.

खोलीभाडं आणि मेसचे पैसे मोजून घरून येतात, अशा मुलाला महिन्याच्या सुरुवातीला ३,५४० रुपये कमी पडणं फार जड जातं. त्यामुळे कंपनीला त्याच संध्याकाळी रागाचं पत्र जाणं स्वाभाविक आहे: तुमच्या अपडेटमुळे पैसे दोनदा कापले, ताबडतोब परत करा. त्यावर ठरलेलं उत्तर येतं. तांत्रिक अडचण आली होती, आमची टीम काम करत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढे आठवडा जातो आणि पालकांना सांगायला ऑफिसकडे एकही तारीख नसते.

अशा पत्रातला पहिला घोटाळा पैशाच्या जागेबद्दल असतो. जादा कापलेली रक्कम बहुतेक वेळा सॉफ्टवेअर कंपनीकडे नसतेच. पेमेंट कंपनी आपलं शुल्क वजा करून ती दोनतीन दिवसांत क्लासच्याच खात्यात जमा करते. म्हणजे विद्यार्थ्याचं देणं क्लासवर येतं. भारतीय करार कायद्याचं ७२ वं कलम सरळ सांगतं, की चुकून मिळालेले पैसे ज्याला मिळाले त्यानं परत करायचे. ‘सॉफ्टवेअरची चूक आहे, आम्ही काय करणार?’ हे पालकांना सांगता येत नाही. बँक आपोआप पैसे परत करेल, ही आशाही इथे उपयोगाची नाही. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये परतफेडीच्या मुदती आणि उशिराची भरपाई ठरवून दिली, ती फसलेल्या व्यवहारांसाठी. आपल्या मुलांचे दोन्ही व्यवहार यशस्वी झालेले आहेत. मँडेटवरही बहुधा ‘जेव्हा सूचना येईल तेव्हा, अमुक रकमेपर्यंत’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे बँकेच्या नजरेला दुसरी वजावटही योग्यच दिसते. कुणीतरी एकेक नोंद दाखवून ती चुकीची आहे असं म्हणेपर्यंत पैसे हलत नाहीत.

ते दाखवण्यासाठी दोन याद्या लागतात. सॉफ्टवेअरनं पाठवलेल्या सूचनांची वेळेसकट यादी, आणि पेमेंट कंपनीकडून आलेला जमा रकमेचा अहवाल. दोन्ही एक्सेलमध्ये यूएमआरएनवर जुळवायच्या. आपल्या उदाहरणात ३८६ पैकी ६१ यूएमआरएन दोनदा सापडले. त्यातल्या ४७ मुलांचे दोन्ही हप्ते गेले, म्हणजे परत द्यायची रक्कम १,६६,३८० रुपये. उरलेल्या १४ जणांच्या खात्यात दुसऱ्या हप्त्यापुरते पैसे नव्हते, म्हणून ती सूचना बाउन्स झाली.

हे १४ जण सहज नजरेतून सुटतात, कारण त्यांचे ‘दोनदा कापले’ असं म्हणता येत नाही. पण बाउन्स झाल्याचा दंड त्यांच्या बँकेनं लावलेला असू शकतो. तो क्लासच्या कुठल्याच अहवालात येत नाही, फक्त मुलाच्या पासबुकात दिसतो. शिवाय अनेक सॉफ्टवेअरं बाउन्स झालेली सूचना काही दिवसांनी आपणहून पुन्हा पाठवतात. आपल्या क्लासमध्ये ती ८ जुलैला जाणार आहे. तोवर घरून पैसे आलेले असतील, तर या १४ जणांचाही हप्ता दुसऱ्यांदा जाईल.

आता कारण. ते कंपनीनं शोधायचं आहे हे खरंच, पण यादीतल्या वेळा बघितल्या तर शंका कुठे घ्यायची ते आपल्यालाही कळतं. सगळ्याच्या सगळ्या ३८६ मुलांची सूचना जवळपास एकाच वेळी दोनदा गेली असती, तर नव्या आवृत्तीबरोबर जुनीही कुठेतरी चालू राहिली होती असा संशय घेता आला असता. काउंटरवर आधीच फी भरलेल्या मुलांचीच पुन्हा कापली गेली असती, तर अपडेट करताना ‘फी भरली’ ही नोंद पुसली गेली असणार. आपल्या यादीत मात्र वेगळंच दिसतं. सूचना सकाळी १० ते १०:२० या वेळात गेल्या. दोनदा गेलेल्या ६१ सूचना मात्र सगळ्या १०:०२ ते १०:०९ या सात मिनिटांतल्या आहेत, आणि प्रत्येकीची दुसरी प्रत बरोबर ६० सेकंदांनी गेली आहे. इतकं नेमकं अंतर माणसाच्या हातून पडत नाही. सॉफ्टवेअर उत्तराची वाट बघून पुन्हा प्रयत्न करतं, त्याची ही खूण आहे.

त्या सात मिनिटांत पेमेंट कंपनीकडून उत्तर यायला उशीर झाला असावा. सूचना पोचली होती, पोच तेवढी वेळेत आली नाही. पुन्हा पाठवणं यात काही गैर नाही, बरीच सॉफ्टवेअरं ते करतात. पण पुन्हा पाठवताना संदर्भ क्रमांक तोच ठेवायचा असतो. मग पेमेंट कंपनीची यंत्रणा ओळखते, की ही सूचना आपल्याकडे आधीच आली आहे, आणि दुसऱ्यांदा पैसे न घेता पहिलंच उत्तर परत देते. जूनच्या यादीत विद्यार्थी क्रमांक आणि महिना मिळून संदर्भ क्रमांक बनलेला दिसतो. जुलैच्या यादीत त्याच मुलाचे दोन क्रमांक आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही:

```
FEE-1047-2025-06

FEE-8f3a21c7
FEE-b90d4e16
```

अपडेटनंतर प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळू लागला असेल, तर पेमेंट कंपनीला त्या दोन वेगळ्या मागण्याच वाटणार. हा आपला अंदाज झाला. पत्रात तो निष्कर्ष म्हणून लिहायचा नाही. पुरावा ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा. पत्र असं होईल:

‘महोदय,

३ जुलैच्या अपडेटनंतर, ४ जुलै रोजी सकाळी १०:०२ ते १०:०९ या वेळात आमच्या ६१ विद्यार्थ्यांच्या ई-नॅच सूचना दोनदा गेल्या. ४७ जणांचा हप्ता दोनदा वळता झाला असून जादा रक्कम १,६६,३८० रुपये आहे. १४ जणांची दुसरी सूचना बाउन्स झाली. यूएमआरएन, दोन्ही संदर्भ क्रमांक आणि वेळांची यादी सोबत जोडली आहे.

या १४ सूचना ८ जुलैला आपोआप पुन्हा जाणार आहेत. त्या आजच रद्द करून तसं लेखी कळवावं.

दुसरी सूचना प्रत्येक वेळी ६० सेकंदांनी आणि वेगळ्या संदर्भ क्रमांकानं का गेली? उरलेल्या ३२५ विद्यार्थ्यांच्या बाबतीत असं का झालं नाही? अपडेटमध्ये या भागात नेमका कोणता बदल केला होता? याचं लेखी उत्तर १० जुलैपर्यंत मिळावं.

परतफेडीसाठी आमच्या खात्यात पुरेशी रक्कम आहे. सूचना आपल्या प्रणालीतून जायच्या असल्यानं तीन तारखा कळवाव्यात: ४७ जणांची यादी आपण कधी कायम करणार, परतफेडीच्या सूचना कधी पाठवणार आणि रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात कधीपर्यंत पोचेल. प्रत्येक परतफेडीचा यूटीआर क्रमांक द्यावा. आमच्याकडून वेगळी परतफेड केली जाणार नाही.

बाउन्स दंड आणि जादा व्यवहारांवर कापलेलं पेमेंट शुल्क यांची भरपाई आपण करावी. दंडाचा तपशील पासबुकाच्या प्रतींवरून स्वतंत्रपणे पाठवू.’

पत्रातला तक्रारीचा जोर ३२५ मुलांच्या प्रश्नात आहे. ‘सर्व्हरवर ताण होता’ असं उत्तर आलं, तर त्यानं सात मिनिटांचा उलगडा होतो. पण दरवेळी नवा क्रमांक का पडला, ते कळत नाही. ताण मे-जूनमध्येही आला असेल, तेव्हा हप्ते दोनदा गेले नव्हते. ज्या उत्तरातून ६१ आणि ३२५ या दोन्ही आकड्यांचा अर्थ लागतो, तेच कारण मानावं. बाकीच्याला ‘मिळालं, पण प्रश्नाचं उत्तर नाही’ असं लेखी कळवावं.

‘वेगळी परतफेड केली जाणार नाही’ हे वाक्यही मुद्दाम घातलेलं आहे. पालकांच्या दबावाखाली ऑफिस काही जणांना आपल्या खात्यातून पैसे पाठवून देतं, आणि दोन दिवसांनी कंपनीही पाठवते. मग दोनदा मिळालेले पैसे मुलांकडून परत मागत बसायची वेळ येते. एखाद्याला तातडीची गरज असेल तर जरूर द्यावेत, पण त्याचं नाव त्याच दिवशी कंपनीच्या यादीतून लेखी काढून घ्यावं. यादीत मुलांचे फोन नंबर किंवा पूर्ण खाते क्रमांक घालू नयेत, यूएमआरएन पुरतो.

भरपाईच्या बाबतीत हातात काय आहे, ते आधी करारात बघावं. बऱ्याच करारांत कंपनीची जबाबदारी वर्षभराच्या भाड्यापुरती मर्यादित केलेली असते. ग्राहक आयोगाचा रस्ताही अशा क्लासला सहसा मिळत नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. क्लासविरुद्ध विद्यार्थी मात्र आयोगाकडे जाऊ शकतो.

सॉफ्टवेअरनं दुसऱ्या वजावटीची पावतीही काढली असेल, तर त्या ४७ पावत्यांवरचा जीएसटी हिशेबात धरला जातो. दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांना जुलैचं जीएसटीआर-१ ११ ऑगस्टपर्यंत भरायचं असतं, म्हणून त्याआधी ही यादी सीएंच्या हातात पडायला हवी.

परतफेड झाली असं कंपनीनं कळवलं, तरी ४७ यूटीआर क्रमांक आपल्या यादीशी जुळवून घ्यावेत. परतफेडीची सूचनाही त्याच सॉफ्टवेअरमधून जाते, त्यामुळे तोच दोष तिथेही लागू शकतो. एकाच यूएमआरएनसमोर दोन यूटीआर दिसले, तर काम तिथेच थांबवावं. ऑगस्टचे हप्ते एकदम ३८६ पाठवू नयेत. आधी पाच मुलांच्या सूचना पाठवायच्या, आणि कंपनीनं मुद्दाम उत्तर अडवून दाखवायचं, की सूचना दुसऱ्यांदा गेली तरी संदर्भ क्रमांक तोच राहतो आणि पैसे एकदाच कापले जातात. ते पाहिल्यावर उरलेल्या ३८१ सूचना सोडाव्यात.