रात्रीत टाकी किती उतरते?

२२ मार्च जवळ आला की ऑफिसात कुणाला तरी पाण्यावर बोलायला सांगतात. प्रशासन विभागात असल्यामुळे आमच्याकडे ते काम तीन वर्षं माझ्याच वाट्याला आलं. पहिल्या दोन वर्षी मी लातूरबद्दल बोलले. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून तिथे पाणी न्यावं लागलं होतं, आणि ते सांगताना माझा स्वतःचाच आवाज कापरा झाला होता. लोकांनी मन लावून ऐकलं. पण पुढच्या महिन्यात टँकरची बिलं पाहिली, तर एकही फेरी कमी झालेली नव्हती.

लोक बेपर्वा होते म्हणून असं झालं, असं मला वाटत नाही. लातूरच्या रेल्वेचा आणि आपल्या मजल्यावरच्या नळाचा संबंध मीच जोडून दाखवला नव्हता. म्हणून तिसऱ्या वर्षी भाषण लिहायच्या आधी ठरवलं, की आपल्या इमारतीत पाणी नेमकं कुठे जातं ते आधी मोजायचं.

त्यासाठी महापालिकेचं मीटर फारसं कामाला येत नाही. ते जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी असतं, त्यामुळे टाकीत पाणी किती आलं एवढंच त्यावरून कळतं. खरा हिशोब गच्चीवरची टाकी देते. आमची टाकी आतून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर उतरलं की ६० लिटर गेलं. शुक्रवारी रात्री नऊला सगळे घरी गेल्यावर पंप बंद केला, टाकीत काठी उभी धरून ओल कुठवर आली ते खडूने आखलं, आणि शनिवारी सकाळी सहाला पुन्हा मोजलं. पाणी २४ सेंटीमीटर उतरलं होतं. रिकाम्या इमारतीतून नऊ तासांत १,४४० लिटर पाणी गेलं होतं. वॉचमननी रात्री दोन-तीनदा फ्लश केला असेल. बाकीचं पाणी कुणी वापरलंच नव्हतं.

आम्ही आधी नळ तपासले. टपकणारा नळ डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो. कँटीनमधला एक नळ टपकत होताही, पण त्याखाली तासभर ठेवलेलं भांडं भरून जेमतेम लिटरभर पाणी निघालं. मग प्लंबरने कँटीनमधून जिलेबीत घालतात तो खायचा रंग मागवला. आमच्याकडे चौदा कमोड आहेत. प्रत्येकाच्या फ्लशटाकीत चिमूटभर रंग टाकला आणि वीस मिनिटं कुणालाही फ्लश करू दिला नाही. तीन भांड्यांत केशरी पाणी उतरलं.

त्यातल्या दोन टाक्यांच्या तळाचा रबरी वॉशर कडक होऊन वाकडा झाला होता. त्यातल्या एकीचा अँगल कॉक बंद करून आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली. दहा मिनिटांत पाणी ३ सेंटीमीटर खाली गेलं. टाकीच्या लांबी-रुंदीवरून गुणाकार केला तर ताशी जवळजवळ ११ लिटर, दिवसाला २६० लिटर. तिसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या टाकीचं दुखणं वेगळं होतं. तिचा बॉलकॉक पूर्ण बंदच होत नव्हता. पाणी वर चढून आतल्या ओव्हरफ्लो नळीत पडत होतं आणि कमोडच्या मागच्या भिंतीवरून पातळ पापुद्र्यासारखं घसरत होतं. आवाज नाही, थेंब नाही. बोट लावलं तेव्हाच पाणी वाहतंय हे कळलं.

तिचं पाणी तोडून दुसऱ्या रात्री पुन्हा खडूची रेघ मारली. पाणी ६ सेंटीमीटरच उतरलं. म्हणजे त्या एका कमोडमधून ताशी १२० लिटर, दिवसाला २,८८० लिटर जात होते. भारतीय मानकानुसार ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात. चौसष्ट माणसांचं पाणी त्या एका भांड्यातून वाहून जात होतं. दोन्ही वॉशर बदलल्यावर तिसऱ्या रात्री पातळी १ सेंटीमीटरवर आली.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. प्लंबर टाकी उघडत असताना त्या मजल्याची सफाई करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, दिवाळीपासून सांगतेय मी, हे भांडं कधी कोरडंच होत नाही म्हणून. सुपरवायझर म्हणाले, तक्रार कॉम्प्युटरवर टाका. मला कुठे येतं ते?" साडेचार महिने. रोज २,८८० लिटर. ज्या बाईला गळती ठाऊक होती, तिला ती नोंदवायला जागाच आम्ही ठेवली नव्हती.

त्या वर्षीचं भाषण सात मिनिटांचं झालं. मी तो वाकडा वॉशर पहिल्या रांगेत हातोहात फिरवायला दिला आणि मावशींचं वाक्य त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं सांगितलं. लोकांना एवढंच म्हटलं: "फ्लश केल्यावर टाकी भरून आवाज थांबला की पाच सेकंद भांड्यात बघा. पाणी हलताना दिसलं तर दाराला टांगलेल्या वहीत मजला आणि दाराचा नंबर लिहा. कुठल्याही भाषेत लिहा. लिहिता येत नसेल तर नुसती फुली मारा."

कँटीनबद्दल बोलायला मी १५ लिटरची बादली आणली होती. भांडी घासायच्या नळाखाली ती सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. दुपारी दोन बायका दीड-दीड तास घासतात आणि नळ जवळजवळ सतत चालू असतो. दोन नळांचे मिळून दोन हजार लिटर सहज होतात. दोष त्यांचा नाही. आपण ताट तासभर टेबलावर ठेवून गप्पा मारतो, वरण आणि दही वाळून घट्ट चिकटतं, आणि ते सुटेपर्यंत नळ चालू ठेवावाच लागतो. म्हणून उष्टं खरवडायला एक डबा आणि ताट लगेच बुडवायला पाण्याचं घमेलं दाराशीच ठेवलं. नळाला जाळीचं तोंड बसवलं, त्याने धार निम्मी होते. मात्र टँकरच्या जड पाण्याने त्या जाळीत क्षार साठतो. महिन्यातून एकदा ती काढून व्हिनेगरमध्ये भिजत घातली नाही, तर धार अगदीच बारीक होते आणि वैतागून कुणीतरी जाळी काढून फेकून देतं. आमची एक अशीच गेली. जाळी बादली भरायच्या नळाला मात्र बसवूच नये. बादलीला लागायचं तेवढंच पाणी लागतं, भरायला वेळ तेवढा जास्त जातो.

एक गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. एका दुपारी टेबलांवर राहिलेले अर्धे पेले आम्ही एका ठिकाणी ओतून पाहिले, तर २० लिटरचे दोन जार भरत आले. हे पाणी आरओ यंत्रातून आलेलं. आमचं यंत्र लिटरभर शुद्ध पाणी देताना दोन लिटर बाहेर टाकतं, तेही बादली लावून मोजलं. म्हणजे ४० लिटर ओतले तेव्हा खर्च १२० लिटरचा झाला होता. आता पेले आधीच भरून ठेवत नाहीत, टेबलावर जग असतो. आरओचं टाकाऊ पाणी पिंपात घेऊन त्यानेच फरशी पुसतात. त्यात क्षार जास्त असतो, म्हणून ते कुंड्यांना घालत नाही.

भाषणानंतर चौथ्या दिवशी वहीत पहिली नोंद सापडली. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचा नंबर, आणि त्याच्यापुढे निळ्या पेनाची एक ठसठशीत फुली.