तक्रार लिहायची चौकट

वेबसाइटच्या कुकीजचा विषय आज राहू दे. रेवदंड्याच्या एका डॉक्टरांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी सोडवायला हवा. वेबसाइटवरून नंबर लावलेल्या एका पेशंटने त्यांना सांगितलं, माझी सगळी माहिती पुसून टाका. आता पुसायचं काय आणि ठेवायचं काय?

त्यांच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, वेळ आणि ‘तक्रार’ अशी चौकट आहे. माझं सगळं लक्ष त्या चौकटीवर गेलं. माणसं तिथे मोकळेपणाने लिहितात: पाळी चुकली आहे, दारू सुटत नाही. ते वाचते काउंटरवरची मुलगी, आणि आपल्या गावांत ती बहुधा पेशंटच्याच आळीतली असते.

शिवाय लिहिलेलं एका जागी राहत नाही. वर्डप्रेसवरचं Contact Form 7 मजकूर फक्त ईमेलने पाठवतं, पण सोबत Flamingo बसवलेलं असेल तर त्याची एक प्रत साइटवरही साठते. मेल रिसेप्शनच्या मोबाइलवर उघडला जातो, तिथून स्क्रीनशॉट डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅपवर जातो. होस्टिंगवाल्याचा बॅकअप वेगळाच.

म्हणून वेबसाइटचं गोपनीयता धोरण लिहिण्याआधी एक काम करा. ‘चाचणी पाटील’ या नावाने स्वतःच फॉर्म भरा आणि दुसऱ्या दिवशी ते नाव मेलमध्ये, साइटच्या डॅशबोर्डवर आणि प्रत्येक फोनमध्ये शोधा. जिथे जिथे सापडेल, ती प्रत्येक जागा धोरणात यायला हवी. बॅकअप किती दिवस टिकतो, हे होस्टिंगवाल्याला विचारून घ्या.

केसपेपरची गोष्ट वेगळी. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवावीच लागतात, आणि पेशंटने मागितली तर 72 तासांत द्यावी लागतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात पुसून घेण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलेली माहिती त्यातून वगळलेली आहे. डॉक्टरांनी पेशंटला फॉर्मची नोंद आणि केसपेपर या दोन्हींबद्दल वेगवेगळं सांगावं.

‘तक्रार’ची चौकट मात्र मी काढूनच टाकेन. वेळ ठरवायला तिचा उपयोग नाही, आणि जे घेतलंच नाही ते सांभाळावंही लागत नाही. मग चाचणीचं नाव फक्त मेलमध्येच सापडलं असेल, तर धोरणाचा मजकूर एवढाच उरतो:

‘नंबर लावण्यासाठी आम्ही तुमचं नाव, मोबाइल आणि हवी ती वेळ घेतो. ही नोंद रिसेप्शनच्या ईमेलमध्ये येते. ती रिसेप्शनिस्ट आणि डॉक्टर पाहतात. एक वर्षाने पुसतो. आजाराबद्दल इथे काही लिहू नका, ते डॉक्टरांना समोर सांगा. तुमचा केसपेपर वेबसाइटवर नसतो, दवाखान्यात असतो.’

‘एक वर्षाने पुसतो’ लिहिलंत, तर कोण पुसणार आणि कोणत्या तारखेला, हे रिसेप्शनच्या कॅलेंडरवर आजच टाका. कुकीज पुढच्या आठवड्यात.